दिवसा चालणारी आणि रात्री फुटणारी लाईन: जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातल्या एका वाडीचं प्रकरण

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीवरून कणकुंबीकडं निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगाला डोंगरात आत आत वाड्या आहेत, पाऊस बेसुमार पण एप्रिल-मे मधे हंडे घेऊन फिरायची पाळी. त्यातल्याच एका वाडीची ही गोष्ट, नाव मुद्दाम लिहीत नाही. साठेक घरं, तीनशेच्या आसपास माणसं. वर डोंगरात एक बारमाही झरा आहे, उन्हाळ्यात १५ लिटरची बादली भरायला ४०-४५ सेकंद घेतो, म्हणजे सेकंदाला साधारण ०.३५ लिटर. ऐकायला काहीच नाही वाटत, पण दिवसभराचे ३० हजार लिटर होतात आणि माणशी ५५ लिटर धरलं तर वाडीला लागतात साडेसोळा हजार. म्हणजे पाणी पुरून उरतं, मोटर नको, लाईट बिल नको, फक्त पाईप टाकायचा आणि पाणी आपोआप खाली येणार. सगळ्यांना हेच वाटलेलं.

झऱ्यापासून वाडीतल्या टाकीपर्यंत पाईपची लांबी १९०० मीटर आणि उतार १५९ मीटर. पाईप ४० एमएमचा काळा एचडीपीई, पीएन ६ चा. पीएन ६ म्हणजे तो ६ किलो प्रेशर कायमचं सोसायला बनवलाय. आता १० मीटर उंचीचं पाणी म्हणजे एक किलो, हा हिशेब आपल्याकडं प्लंबरपासून बोअरवेलवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ असतो. तर मग १५९ मीटर म्हणजे जवळपास १६ किलो. म्हणून मधे प्रेशर तोडायची टाकी लागते, ब्रेक प्रेशर टँक, सगळे बीपीटी म्हणतात. करते एवढंच की वरून आलेलं पाणी उघड्या टाकीत पडतं, तिथं प्रेशर शून्य होतं आणि पुढची लाईन त्या टाकीच्या पातळीपासून नव्यानं मोजायला लागते. खालच्या पाईपला वरचा डोंगर दिसतच नाही, त्याला फक्त त्याच्या डोक्यावरची टाकी दिसते.

एस्टिमेटमधे बीपीटी होती, एक. एस्टिमेट कन्नडमधे, आमच्या बऱ्याच जणांना वाचता येत नाही, पण नकाशावर टाकीचा चौकोन दिसत होता म्हणून कुणी विचारलं नाही. कंत्राटदारानं ती बांधली बरोबर मधोमध, ९५० मीटरवर. का तर तिथपर्यंत बैलगाडीची वाट होती, खडी-वाळू-सिमेंट उतरवायला सोपं. आणि मधोमध टाकी म्हटल्यावर निम्मं निम्मं प्रेशर होईल असा समज. गंमत अशी की पाईपच्या लांबीचा आणि प्रेशरचा तसा काही संबंधच नाही, प्रेशर ठरतं ते उंचीवर, आणि आमचा डोंगर काही सरळ घसरगुंडी नाही. आधी तो सपाट्यानं खाली येतो, मग एक नाला लागतो, नाल्यातून पलीकडं वर चढून एक खिंड आहे आणि खिंडीतून मग परत खाली वाडी.

फेब्रुवारीअखेर पाणी सोडलं. मधल्या बीपीटीपर्यंत पाणी धो धो आलं, टाकी भरली, ओव्हरफ्लोमधून वाहायला लागली आणि वाडीत थेंब नाही. दोन दिवस सगळे वाट बघत बसले की पाईप भरायला वेळ लागत असेल. मग कुणीतरी म्हणालं हवा अडकलीय, पाईप दोन ठिकाणी सोडवून बघितला, काही नाही. शेवटी वाडीतली दोन-तीन पोरं कावली आणि त्यांनी सरळ टाकीतच आत येणारा पाईप आणि बाहेर जाणारा पाईप एका तुकड्यानं जोडून टाकला. तासाभरात वाडीत पाणी! नारळ फोडला, फोटो काढले, मार्चभर सगळं मस्त.

मार्चमधे वाडीतल्या टाकीला बॉल व्हॉल्व्ह नव्हता. टाकी भरली की पाणी गटारात. पंचायतीत तक्रार गेली की पाणी वाया जातंय, मग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वॉटरमननं बॉल बसवला. त्यानंतर चौथ्या रात्री नाल्याजवळ पाईप फुटला. जोडला. दोन रात्रींनी वाडीच्या वरच्या अंगाला फुटला. जोडला. मग परत नाल्यात. दिवसा कधीच नाही, नेहमी रात्री, आणि सकाळी उठून बघावं तर टाकी निम्म्यावर.

रात्री फुटतोय म्हटल्यावर पहिला संशय माणसावर. कोण म्हणे वरच्या गवळीवाड्यातले कापतात, कोण म्हणे गवे तुडवतात. गवे आमच्याकडं खरंच आहेत आणि उघड्यावरचा पाईप तुडवतातही, त्यामुळं हे अगदीच खोटं वाटत नव्हतं. दोन्हीकडची भांडणं व्हायची वेळ आली तेव्हा मला बोलावलं. मी सिव्हिल डिप्लोमावाला, आता बेळगावात असतो पण आजोळ याच वाडीत.

मी गेल्या गेल्या फुटलेले तुकडे मागितले, नशीब ते टाकून दिले नव्हते. तीन तुकडे. एकाला जॉइंटच्या ठिकाणी गोल साफ तुटलेलं, म्हणजे वितळवून जोडताना वेल्डिंग थंड राहिलेलं. पण दुसरे दोन बघण्यासारखे होते, पाईप एका बाजूनं फुगा आल्यासारखा फुगलेला, फुगवट्याची भिंत पातळ झालेली आणि त्यावर पाईपच्या लांबीत बोटभर चीर. कोयत्यानं कापलं तर धार आडवी लागते आणि पाईप फुगत नाही. गव्यानं तुडवला तर चेपतो, ओरखडे येतात. फुगून उभी चीर जाते ती फक्त आतल्या प्रेशरनं. मामांना तो तुकडा हातात दिला, त्यांनी फुगवट्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हे माणसाचं काम न्हवं की रे."

आता प्रश्न होता की दिवसा का फुटत नाही. नाल्यात गाळ काढायचा वॉशआउट व्हॉल्व्ह होता, त्याच्यावर प्रेशर गेज बसवला. दुपारी काटा ३.८ वर. लोक म्हणाले बघ, सहाच्या आतच आहे. मी म्हटलं रात्री बसू.

रात्री अकराच्या सुमाराला वाडीतला भाऊ फोनवर म्हणाला टाकी भरली, बॉल बंद झाला. काटा तिथंच, ३.८. पंधरा मिनिटं गेली, काही नाही. कुणीतरी चहाचा थर्मास उघडला. वीस मिनिटांच्या आसपास काटा हलला, ४, मग ५, मग थांबतच नाही, ६ ओलांडला, ७, ८, आणि ९ वर गेल्यावर मला धीर राहिला नाही, वॉशआउट उघडून टाकला. सोडलं असतं तर १४.८ पर्यंत गेला असता, कारण झऱ्यापासून नाल्याचा तळ १४८ मीटर खाली आहे. अर्थात त्याआधी पाईपनं मान टाकली असती.

हे असं होतं कारण दिवसा हा पाईप भरलेलाच नसतो. ४० एमएमच्या पाईपला त्या उतारावर ०.३५ लिटर म्हणजे फारच थोडं काम, पाणी पाईपच्या तळाशी पाटासारखं पळतं आणि वर हवा. प्रेशर फक्त नाल्याच्या खोलगट भागात, कारण तिथं पाण्याला खिंडीपर्यंत ३६ मीटर चढायचं असतं, म्हणून ३.६ आणि थोडं घर्षण धरून ३.८. खालचा बॉल बंद झाला की पाणी पुढं जात नाही, आधी खिंडीपासून वाडीपर्यंतचा रिकामा पाईप भरतो, त्यात वीस मिनिटं जातात, मग वरचा उतार खालून वर भरत जातो आणि पाण्याची पातळी जसजशी झऱ्याकडं चढते तसतसा नाल्यातला काटा चढतो. म्हणजे लाईनवर सगळ्यात जास्त ताण केव्हा, तर पाणी अजिबात वाहत नसताना. वाहतं पाणी बघून पाईपची निवड केली की फसायला होतं. डिझाईन करायचं ते खालचा व्हॉल्व्ह बंद आहे, सगळं पाणी थांबलंय आणि पाईप झऱ्यापर्यंत काठोकाठ भरलाय असं धरून.

मग उंच्या मोजायच्या. मोबाईलवरची उंची झाडीत दहा-वीस मीटरनं इकडंतिकडं होते, इथं ती चालत नाही. गवंड्याची लेव्हल ट्यूब १५९ मीटर उतारावर फिरवायची तर आठवडा गेला असता. शेवटी गेजच आमची लेव्हल झाली. झऱ्यापासून खाली यायचं, जॉइंट सोडवायचा, तिथं टोपण आणि गेज लावायचा, वरचा पाईप पूर्ण भरू द्यायचा, हवा गेली की काटा थांबतो तो वाचायचा. ४.६ किलो म्हणजे झऱ्यापासून ४६ मीटर खाली. पाच किलोच्या आसपास आलं की तिथं पाईप तोडायचा, पाणी बादलीत सोडायचं आणि तिथून पुढं नवीन मोजणी. एक-दोन मीटरची चूक राहते पण आपल्या कामाला पुरे.

आकडे आले ते असे. जुनी टाकी झऱ्यापासून १२७ मीटर खाली. नाल्याचा तळ १४८ मीटर खाली. आणि खिंड फक्त ११२ मीटर खाली. म्हणजे जुनी टाकी पुढच्या खिंडीपेक्षा १५ मीटर खाली बसली होती! टाकीत प्रेशर शून्य झाल्यावर पाणी स्वतःच्या पातळीपेक्षा १५ मीटर वर कसं चढणार. फेब्रुवारीत वाडीत थेंब का आला नाही याचं उत्तर हे, हवा वगैरे काही नव्हती. पोरांनी टाकी बायपास केली तेव्हा झऱ्याची पूर्ण उंची परत मिळाली म्हणून पाणी खिंड ओलांडून आलं, आणि त्याच उंचीनं पुढं पाईप फोडला. पोरांना मी दोष देत नाही, त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, टाकी चुकीच्या जागी होती.

आता नव्यानं मांडणी. पाईप ६ किलोचा असला तरी उभं प्रेशर ५ च्या आत ठेवायचं ठरवलं, कारण बॉल फटकन बंद झाला की पाण्याचा दणका बसतो. आमच्या लाईनमधे पाणी सेकंदाला ०.४ मीटरनं जातं, एचडीपीई मऊ असल्यानं दणका लोखंडी पाईपपेक्षा बराच कमी, तरी हिशेबानं १२ मीटरच्या आसपास, म्हणजे सव्वा किलो. ४६ आणि १२ मिळून ५८, साठच्या आत. शिवाय काही ठिकाणी जांभ्या खडकामुळं पाईप पुरता आला नाही, उन्हात काळा पाईप तापतो आणि तापलेल्या पाईपची ताकद कमी होते, तेवढी जागा ठेवायलाच पाहिजे.

पहिली टाकी ४६ मीटर खाली, दुसरी ९२ मीटर खाली. इथपर्यंत सोपं. तिसरी कुठं? नुसती बेरीज करत गेलो तर १३८ वर येते, म्हणजे नाल्याच्या उतारावर, आणि परत तीच जुनी चूक, खिंडीच्या खाली. खिंड ओलांडायच्या आधी टाकी करायची तर ती खिंडीच्या वरच असायला पाहिजे आणि घर्षणात जाणारी उंची धरून चांगलीच वर. म्हणून दुसऱ्या टाकीतून पाणी थेट नाला पार करून खिंडीत न्यायचं आणि तिसरी टाकी बरोबर खिंडीच्या माथ्यावर. ९२ वरून ११२, हाताशी २० मीटर उंची, त्यातली पाच-सहा मीटर घर्षणात जाते, बाकी शिल्लक. टाकी माथ्यावर असल्याचा आणखी एक फायदा म्हणजे उंचवट्यावर जमणारी हवा टाकीतच सुटते, वेगळा एअर व्हॉल्व्ह लागला नाही. खिंडीपासून वाडी ४७ मीटर, तोही तुकडा आत बसला.

राहिला नाल्याचा तळ. दुसऱ्या टाकीपासून तो ५६ मीटर खाली, म्हणजे पीएन ६ मधे कागदावर बसतो पण दणका धरला की बाहेर. खोलगट भागात टाकी करून प्रेशर तोडता येत नाही, तिथं पाईपच जाड पाहिजे. नाल्याच्या अलीकडं-पलीकडं मिळून ३०० मीटर पीएन १० चा पाईप टाकला. जाड पाईपचं भोक थोडं लहान असतं, त्यामुळं घर्षण थोडं वाढतं, ते त्या पाच-सहा मीटरमधे धरलेलं आहे.

पंचायतीत विचारलं गेलं की सगळाच पाईप पीएन १६ का नाही, टाक्यांची कटकटच नको. १५.९ वर १६ चा पाईप म्हणजे दणक्याला जागाच नाही, आणि जुना चांगला १६०० मीटर पाईप फेकून द्यायचा. दुसरी सूचना प्रेशर कमी करायच्या व्हॉल्व्हची आली. तो शहरात ठीक आहे. झऱ्याच्या पाण्यात बारीक रेती, पानाचा चुरा, पावसाळ्यात लाल माती, तो आतून अडकला की उघडाच राहतो आणि पूर्ण प्रेशर खाली सोडतो, आणि बाहेरून काही कळत नाही. टाकी बिघडली तर ओव्हरफ्लो वाहतो, गुरं राखणाऱ्या पोरालासुद्धा दिसतं.

टाक्या आत मीटरभर लांब-रुंद-उंच, बाहेरून चिरा, आतून वॉटरप्रूफ गिलावा. चार गोष्टींवर मी अडून बसलो. ओव्हरफ्लोचा पाईप आत येणाऱ्या पाईपपेक्षा मोठा, ६३ चा, जाळी लावून. बाहेर जाणाऱ्या पाईपचं तोंड तळापासून वीतभर वर म्हणजे गाळ जाणार नाही, आणि त्याच्यावर कायम फूटभर पाणी, नाहीतर भोवरा होऊन हवा ओढली जाते. बॉल व्हॉल्व्ह पितळी, हाय प्रेशरचा, घरच्या टाकीचा स्वस्तातला नाही, कारण तो बंद असताना त्याच्या तोंडावर ४.६ किलो उभं असतं. आणि जिथं धार पडते तिथं समोरच्या भिंतीला फरशीचा तुकडा, नाहीतर ती धार महिन्याभरात गिलावा खाते.

बॉल लावायचा की नाही यावर बराच वाद झाला. बॉल नसेल तर रात्री वाडी बंद झाल्यावर तिसरी टाकी वाहत राहते, पाईपला धोका काही नाही, नुसतं पाणी खिंडीत जातं. बॉल लावला तर खालून वर एकेक टाकी बंद होत जाते आणि जादा पाणी झऱ्यावरच राहतं. झऱ्याखाली गवळीवाड्याची गुरं पाणी पितात, त्यांच्यावर आधीच उगाच आळ घेतलेला, त्यामुळं बॉल लावूया असं मामाच म्हणाले. मात्र बॉल असला तरी ओव्हरफ्लो ठेवलाच, झाकणाला हवेचं नळकांडंही ठेवलं.

मे च्या तिसऱ्या आठवड्यात पाणी सोडलं. वाडीचा व्हॉल्व्ह बंद करून रात्रभर ठेवला आणि सकाळी वाचलं: पहिल्या टाकीच्या तोंडाशी ४.६, दुसरीच्या ४.६, नाल्यात ५.६, खिंडीत २, वाडीत ४.७. काटे हलले नाहीत.

पूर्ण सुरळीत मात्र गेलं नाही. दुसऱ्या टाकीचा बॉल रात्री टर्र टर्र वाजायचा, लांबून बेडकासारखा आवाज. टाकी जवळजवळ भरलेली असताना बॉल अर्धवट उघडतो, बंद होतो, परत उघडतो, आणि प्रत्येक वेळी छोटा दणका. आत येणाऱ्या पाईपवर गेट व्हॉल्व्ह होता, तो आवळून पाणी गरजेपुरतंच ठेवलं, ०.३५ ला थोडं वर, मग आवाज गेला. त्या आवळण्यानं वरचा पाईप दिवसाही भरलेला राहतो, त्यात हवा कमी जाते. जुलैत पहिल्या टाकीच्या बॉलमधे पान अडकून टाकी आठवडाभर ओव्हरफ्लो झाली, झऱ्याच्या पेटीतली जाळी बारीक केली.

बायपासची भीती मला अजून आहे. पाणी कमी आलं की पहिला हात टाकीतल्या पाईपकडंच जातो. म्हणून नव्या टाक्यांत आत येणारा आणि बाहेर जाणारा पाईप समोरासमोर ठेवले नाहीत, काटकोनात आणि वेगवेगळ्या उंचीवर आहेत, एका तुकड्यानं जोडता येत नाहीत. झाकणाला कुलूप, किल्ली वॉटरमनकडं, आणि आतल्या भिंतीवर लाल ऑइलपेंटनं मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहिलंय, "पाईप जोडू नये, खाली फुटेल". जुन्या टाकीत मामांनी वैरण भरली आहे.